खडक लागला, पण कशाने?

माती परीक्षणाचा अहवाल हातात आला की घरमालक असो वा सोसायटीचा सेक्रेटरी, आधी एकच आकडा शोधतो : खडक किती खोलीवर लागला? पायाचा खर्च त्यावर ठरतो, तेव्हा ते साहजिकच आहे. पण त्याच अहवालातल्या बोअर लॉगमध्ये आणखी एक रकाना असतो आणि तो फारसं कुणी वाचत नाही. त्या खोलीपर्यंत भोक कशाने पाडलं, ते तिथे लिहिलेलं असतं. हाताच्या ऑगरने, पाण्याच्या झोताने म्हणजे वॉश बोअरिंगने, की फिरत्या हिऱ्याच्या बिटने म्हणजे रोटरी कोअरिंगने?

तिन्ही साधनं जमिनीत खाली जातात, पण वर आणतात ते वेगवेगळं. ऑगर माती वर आणतो. ती विस्कटलेली असते, पण खरी असते. वॉश बोअरिंगमध्ये वर येतं ते गढूळ पाणी. कोअरिंगमध्ये येतो खडकाचा गोल दांडा, जसा जमिनीत होता जवळपास तसा. त्यामुळे साधन निवडताना विचार करायचा तो दोन गोष्टींचा. या थरात हे साधन चालेल का, आणि या थराबद्दल जे कळायला हवं ते याच्याकडून कळेल का? महाराष्ट्रात हे समजून घेण्यासाठी दोन जागा पुरेशा आहेत : सोलापूरकडचा काळ्या मातीचा प्लॉट आणि नवी मुंबईतला खाडीकाठचा प्लॉट. पुढचे आकडे नमुन्यादाखल घेतलेले आहेत, पण अशा जमिनींत काम करणाऱ्यांना ते ओळखीचे वाटतील.

काळ्या मातीत हाताचा ऑगर

सोलापूरकडे दोन मजली घर बांधायचं आहे. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, त्याखाली बेसॉल्ट. इथे कळायला हवं ते एवढंच, की काळी माती किती खोल आहे, ती पाण्याने किती फुगते आणि चांगला मुरूम कुठे सुरू होतो. एवढ्यासाठी हाताचा ऑगर पुरतो.

ऑगर म्हणजे खाली पाती असलेलं, वर आडवा दांडा असलेलं मोठं गिरमिट. भोकाचा व्यास साधारण १०० ते १५० मिलिमीटर. दोन माणसं दांडा धरून ते फिरवतात, पंधरा-वीस सेंटिमीटर खाली गेलं की वर काढतात, पात्यांतली माती ताडपत्रीवर ओळीने मांडतात आणि पुन्हा आत सोडतात. खोली वाढली की वरून जोडदांडे लावत जातात. ओळीत मांडलेल्या त्या ढिगांकडे नीट बघितलं तर जमिनीचा उभा छेदच समोर दिसतो. वरची माती कोरडी, ढेकळांची, मग ओलसर, चिकट, बोटाने दाबली की चकाकणारी, मग तिच्यात चुनखडीचे पांढरे खडे दिसायला लागतात, आणि २.४ मीटरवर रंग पिवळट-तपकिरी होतो, पाती खरखरायला लागतात. तो मुरूम.

या कामात कुठेही पाणी वापरलेलं नसतं, हा ऑगरचा सगळ्यात मोठा गुण. काळ्या मातीचं वागणं तिच्या ओलाव्यावर ठरतं. उन्हाळ्यात ती भेगाळते, पावसाळ्यात फुगते, आणि एका ठरावीक खोलीनंतर ओलावा वर्षभर जवळपास सारखा राहतो. ही खोली शोधायची तर प्रत्येक अर्ध्या मीटरची माती लगेच हवाबंद डब्यात भरून तिचा ओलावा मोजावा लागतो. इथे पाणी सोडणारं साधन वापरलं तर मोजायची गोष्टच बिघडून जाते.

त्याच मातीतून फुगवट्याची चाचणी होते, आणि ती समजायला सोपी आहे. वाळवून बारीक चाळलेली दहा दहा ग्रॅम माती दोन मोजपात्रांत घ्यायची. एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. चोवीस तासांनी समजा रॉकेलमधली माती १२ मिलिलिटरवर आणि पाण्यातली २२ मिलिलिटरवर थांबली, तर फुगवटा ८३ टक्के झाला. हा आकडा ५० च्या वर गेला की साधा उथळ पाया तसाच घालून चालत नाही. काळी माती काढून मुरमावर जायचं की अंडर-रीम्ड पाइल घ्यायचे, याचा निर्णय करावा लागतो.

ऑगरच्या मर्यादाही याच प्लॉटवर दिसतात. चुनखडीचा मोठा गोळा किंवा दगड लागला की पाती अडतात, आणि ‘मुरूम लागला’ असं लिहायचा मोह होतो. मग मीटरभर बाजूला सरकून दुसरं भोक घ्यावं. तिथेही त्याच खोलीवर अडलं आणि पात्यांना मुरमाचा चुरा चिकटून आला, तर तो थर. नाहीतर तो एकटा दगड. दुसरी मर्यादा पाण्याची. भूजलाच्या खाली वाळू किंवा सैल गाळ असेल तर ऑगर वर काढला की भोक ढासळतं, आणि पुढच्या वेळी पात्यांत येते ती बाजूची पडलेली माती. पाच-सहा मीटरनंतर दांडे वर-खाली करणंच जड होतं, म्हणून हे साधन उथळ, पाण्याच्या वरच्या, बिनदगडी मातीपुरतं.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. शेजारी बोअरवेल झालेली असते आणि ‘तिथे आठ फुटांवर दगड लागला’ असं सांगितलं जातं. बोअरवेलचं मशीन हवेच्या दाबावर चालणाऱ्या हातोड्याने खडकाचा भुगा करतं. त्याचं काम पाणी शोधायचं आहे आणि ते तो चोख करतो, पण भुग्यावरून खडक फुटका होता की अखंड, हे सांगता येत नाही. पायाच्या निर्णयाला ती माहिती पुरत नाही.

खाडीच्या गाळात पाण्याचा झोत

आता नवी मुंबईत येऊ. सात मजली इमारत, खाडीपासून थोड्या अंतरावर. वर दीड मीटर भराव, त्याखाली आठ मीटरपर्यंत राखाडी-काळा, लोण्यासारखा मऊ खाडीचा गाळ, मग मुरूम, मग बेसॉल्ट. पाणी एक मीटरवरच. ऑगरने इथे भराव पार करता येईल, पुढे नाही. गाळात भोक उभंच राहत नाही.

इथे वॉश बोअरिंग लागतं. जागेवर लोखंडी पाइपांचं तिकाटणं उभं राहतं. आधी १०० किंवा १५० मिलिमीटर व्यासाचा केसिंग पाइप जमिनीत ठोकतात, म्हणजे भोकाच्या भिंती ढासळत नाहीत. त्याच्या आत पोकळ रॉडची माळ सोडतात. तिच्या टोकाला छिन्नीसारखं बिट. पंपाने रॉडमधून पाणी सोडलं की ते बिटच्या भोकांतून जोराने बाहेर पडतं आणि माती सुटी करतं. कामगार दोराने रॉड थोडे उचलून खाली सोडत राहतात आणि प्रत्येक वेळी थोडे फिरवतात. सुटलेली माती पाण्याबरोबर रॉड आणि केसिंगमधल्या फटीतून वर येते, बाजूच्या टाकीत पडते, आणि निवळलेलं पाणी पुन्हा पंपात जातं.

मशीन हलकं, खर्च कमी, चिखलातही उभं करता येतं. मऊ माती, गाळ, वाळू यांत भराभर खाली जातं. म्हणून किनारपट्टीवरच्या कामांत ते सर्रास दिसतं. पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायला हवी : टाकीत बसलेली माती हा नमुना नव्हे. तिच्यातले बारीक कण पाण्याबरोबर निघून गेलेले असतात, वरच्या दोन-तीन थरांची माती एकमेकांत मिसळलेली असते, आणि ती नेमक्या कोणत्या खोलीवरून आली हे कुणालाच सांगता येत नाही. चिकणमाती मिसळलेली वाळू टाकीत बसली की स्वच्छ वाळू दिसते. त्या मातीवर प्रयोगशाळेत चाचणी करून आलेला आकडा कितीही नीट छापलेला असला तरी निरुपयोगी असतो.

म्हणजे वॉश बोअरिंगकडून घ्यायचं ते फक्त भोक, आणि वर येणाऱ्या पाण्याचा इशारा. पाण्याचा रंग काळ्याचा पिवळा झाला, रॉडचा हाताला लागणारा ठोका बदलला, की थर बदलला असं समजून थांबायचं. खरी माहिती घ्यायची ती त्या भोकाच्या तळाशी वेगळं साधन उतरवून. मुरूम किंवा वाळू असेल तर एसपीटी करतात : दोन फाकांत उघडणारी नळी तळावर ठेवायची, ६३.५ किलोचं वजन ७५ सेंटिमीटरवरून तिच्यावर सोडत राहायचं आणि दर १५ सेंटिमीटरला किती घाव लागले ते मोजायचं. पहिले १५ सेंटिमीटर सोडून द्यायचे, कारण तिथली माती हललेली असते. पुढच्या दोन टप्प्यांची बेरीज म्हणजे ‘एन’. समजा नऊ मीटरवर १४, २१ आणि २७ घाव लागले, तर एन ४८ येतो. मुरूम घट्ट आहे.

गाळात मात्र हा हिशेब फसतो. तिथे नळी एक-दोन घावांत खाली जाते, कधी नुसत्या वजनानेच बुडते. एन शून्य आला काय आणि दोन आला काय, त्यावरून गाळाची ताकद ठरवता येत नाही. म्हणून गाळात पातळ भिंतीची स्टीलची नळी न ठोकता सावकाश दाबून आत घालतात, तिची तोंडं मेणाने बंद करतात आणि तो अखंड नमुना प्रयोगशाळेत पाठवतात. किंवा भोकाच्या तळाशी चार पात्यांचं व्हेन घालून, ते फिरवायला किती जोर लागतो तो मोजतात. खाडीकाठच्या अहवालात गाळासमोर फक्त एनचे आकडे असतील, तर तपास अर्धाच झालेला आहे.

यात चुका कुठे होतात? पहिली तळ साफ करताना. झोत घाईने मारला तर तळाखालची वाळूही ढवळली जाते आणि एन खोटा, कमी येतो. दुसरी पाण्याच्या पातळीत. भोकातलं पाणी भूजलापेक्षा खाली गेलं तर बाहेरचं पाणी तळातून वर घुसतं आणि वाळू उकळल्यासारखी केसिंगमध्ये चढते. नळी उतरवल्यावर ती ठरलेल्या खोलीच्या अर्धा मीटर वरच टेकली, तर हेच झालेलं असतं. त्यावर उपाय एकच : रॉड काढतानाही भोक पाण्याने काठोकाठ भरलेलं ठेवायचं. तिसरी भूजलाची नोंद. दिवसभर पंपाने ओतलेलं पाणी मोजून ‘पाणी अर्ध्या मीटरवर’ असं लिहिलं जातं. खरी पातळी बोअर संपवून, चोवीस तास थांबून मोजायची असते.

ठोकळा की खडक?

आपल्या प्लॉटवर बोअर १०.५ मीटरवर आली आहे. बिट उसळतं, रॉडला ठणठण आवाज येतो, तासभर झोत मारूनही बोटभर प्रगती नाही. एसपीटी केली तर पहिल्या १५ सेंटिमीटरला ३२ घाव आणि पुढे ५० घाव मारूनही नळी फक्त आठ सेंटिमीटर जाते. याला रिफ्युजल म्हणतात. वॉश बोअरिंगचं काम इथे संपलं. अनेक स्वस्तातले अहवालही इथेच संपतात, आणि शेवटची ओळ असते : ‘१०.५ मीटरवर खडक’.

रिफ्युजलचा अर्थ मात्र एवढाच, की हे साधन पुढे जात नाही. दख्खनच्या पठारावर आणि कोकणपट्टीत बेसॉल्ट कुजतो तेव्हा तो सारखा कुजत नाही. पाणी भेगांतून आत शिरतं, भेगांच्या कडेचा दगड मऊ होऊन मुरूम बनतो, आणि मधले गाभे गोल, टणक ठोकळे होऊन मुरमात तसेच उरतात. त्यातला एखादा फूटभराचा, एखादा मीटरभराचा. बिटला ठोकळा आणि सलग खडक सारखेच लागतात. फरक कळतो तो पलीकडे गेल्यावरच.

म्हणून इथे कोअरिंगचं मशीन लावायचं. पोलादी पोकळ बॅरल, त्याच्या तोंडाला हिऱ्याचे कण बसवलेलं कंगणीसारखं बिट, आणि वरून पाणी. बॅरल फिरतो, बिट खडकात वर्तुळाकार खाच पाडत जातं आणि मधला दांडा बॅरलमध्ये शिरतो. कलिंगडवाला फळात चाकूने खाच करून आतला तुकडा काढून दाखवतो, तसाच हा प्रकार. नेहमीच्या एनएक्स मापात हा दांडा साधारण ५४ मिलिमीटर जाड असतो. एका वेळी जास्तीत जास्त दीड मीटर कापायचं, मग बॅरल वर काढून दांडा पेटीत ठेवायचा. या एका खेपेला रन म्हणतात.

आपल्या बोअरचा पहिला रन १०.६ ते १२.१ मीटरचा. पहिली साठ सेंटिमीटरं सावकाश कापली गेली आणि वर स्वच्छ करडं पाणी आलं. मग अचानक बिट भसकन खाली सरकलं, पाणी पिवळट झालं. बॅरल उघडला तर साठ सेंटिमीटरचा काळा टणक दांडा, आणि त्याखाली काही नाही. दांड्याची दोन्ही टोकं बघा : वरच्या आणि खालच्या दोन्ही बाजूंना तपकिरी, कुजलेली साल आहे. हा ठोकळा होता. पाइल यावर टेकवून थांबवले असते, तर शेजारचा पाइल खऱ्या खडकावर आणि हा मुरमात अडकलेल्या दगडावर, असं झालं असतं.

पुढे पुन्हा एसपीटी करून मुरूम असल्याची खात्री करायची आणि खाली जायचं. खरा खडक १३.४ मीटरवर लागला. तिथून निदान तीन मीटर सलग कोअर घ्यायचा, आणि मुरमात एक ठोकळा आधीच सापडलाय म्हणून आणखी थोडं खोल जाणं शहाणपणाचं.

पेटीतला दांडा वाचताना

कोअरिंगचा खरा उपयोग पेटीतल्या मोजणीत आहे. समजा १४.९ ते १६.४ मीटरच्या रनमध्ये ३२, २४, १८, १२, ९, ७ आणि ६ सेंटिमीटरचे तुकडे मिळाले. बेरीज १०८. कापले १५० सेंटिमीटर, म्हणून रिकव्हरी ७२ टक्के. आता दहा सेंटिमीटर आणि त्याहून लांब तुकडेच धरायचे : ३२, २४, १८, १२. बेरीज ८६, म्हणजे ५७ टक्के. हा आरक्यूडी. ५० ते ७५ म्हणजे मध्यम प्रतीचा खडक. तुकडे मोजताना तुटलेली कडा बघावी लागते. गंजासारखा पिवळा किंवा हिरवट थर असेल तर ती जमिनीतलीच भेग. कडा ताजी, स्वच्छ असेल आणि दोन तुकडे एकमेकांत नेमके बसत असतील, तर तो मशीनमध्ये तुटला आहे. ते दोन्ही मिळून एकच धरायचे.

बॅरल कोणता वापरला यावरही हे आकडे हलतात. एकपदरी बॅरलमध्ये पाणी थेट दांड्यावरून वाहतं, आणि कुजलेला खडक त्यात धुऊन जातो. दुपदरी बॅरलमध्ये आतली नळी फिरत नाही, दांडा तिच्यात सुरक्षित राहतो. मुरमाड, मऊ खडकात एकपदरी बॅरल वापरून रिकव्हरी २० टक्के दाखवली असेल, तर दोष खडकाचा की बॅरलचा, हे ठरवणंच अवघड होतं. आरक्यूडी काढायचा तर निदान दुपदरी बॅरल हवाच.

आपल्याकडे याला आणखी एक कारण आहे. बेसॉल्ट हा एकावर एक साचलेल्या लाव्हाच्या थरांचा खडक. दोन थरांच्या मध्ये कधी लाल गेरूचा पट्टा असतो; तो भाजलेल्या मातीसारखा दिसतो आणि पाण्यात भिजला की विरघळायला लागतो. वर दोन मीटर उत्तम काळा पाषाण आणि खाली अर्धा मीटर गेरू, असं होऊ शकतं. एकपदरी बॅरलमध्ये तो गेरू पाण्याबरोबर निघून जातो आणि मागे राहते पेटीतली रिकामी जागा. चांगला ऑपरेटर तिथे खोली लिहिलेली लाकडी पट्टी ठेवतो आणि वर आलेलं पाणी लाल होतं, हेही नोंदवतो. घाईचा ऑपरेटर उरलेले तुकडे पसरून जागा भरून टाकतो. मग गेरू होता हे कुणालाच कळत नाही.

उलटही होतं. काळा पाषाण दाब सोसायला भक्कम असतो, पण त्यात भेगा जास्त, त्यामुळे त्याचा आरक्यूडी कमी येऊ शकतो. मांजऱ्या खडक त्यापेक्षा मऊ, पण बऱ्याचदा भेगा कमी असल्याने त्याचे लांब दांडे निघतात. आरक्यूडीचा एकच आकडा घेऊन दोघांची तुलना करता येत नाही. दांड्याची दाबचाचणी सोबत लागते.

तुमच्या कामासाठी

काळ्या मातीत दोन मजली घर असेल तर मोठं कोअरिंग मशीन आणण्याचा आग्रह धरू नका. हाताचा ऑगर, एखादा चाचणीखड्डा आणि फुगवट्याची चाचणी नीट करून घ्या. खाली गाळ किंवा वाळू असेल आणि पाणी वर असेल, तर वॉश बोअरिंग घ्या, पण नमुना टाकीतून नव्हे, तळातून घेतला याची खात्री करा. पाया खडकावर टेकणार असेल तर रिफ्युजलवर थांबलेला अहवाल स्वीकारू नका. प्रत्येक बोअरमध्ये दुपदरी बॅरलने काढलेला निदान तीन मीटर कोअर मागा. बोअर लॉगमध्ये प्रत्येक खोलीसमोर पद्धत, केसिंगची खोली, वर आलेल्या पाण्याचा रंग आणि रिकव्हरी लिहिलेली हवी. आणि पायाचं काम पूर्ण होईपर्यंत कोअरच्या पेट्या फेकू देऊ नका. पाइल ठरलेल्या खोलीवर अडला नाही, किंवा आधीच अडला, तर जागेवर तुलना करायला त्या पेट्यांशिवाय दुसरा पुरावा नसतो.